बाबांच्या गोळ्या आणि पितळी खलबत्ता

मागच्या गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, अगं तुझा तो छोटा पितळी खलबत्ता दे ना दोन दिवस, आमच्या सासूबाईंना गोळ्या गिळताच येईनात, कुटून मधातनं देते. मी आत गेले, फळीवरून खलबत्ता काढला, आणि हातात घेतल्यावर तिथेच उभी राहिले. त्याच्या तळाला अजून वेलदोड्याचा वास येतो. चार वर्षं झाली, त्यात मी वेलदोडे सोडून काहीही कुटलेलं नाही. काकू बाहेरून हाका मारतायत आणि मला आपलं ते सकाळचं टक टक टक ऐकू येतंय, आधी मोठे तुकडे, मग बारीक, मग पावडर बसली की तो जो एक मऊ, दबका आवाज येतो तो. त्या आवाजाचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं. वाटलं होतं, आज कशी छान वस्त्रगाळ झाली.

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळणंही गेलं. अकरा दिवसांनी घरी आणलं ते नाकातल्या नळीसकट. राईल्स ट्यूब. सिस्टरनी निघताना सगळं शिकवलं होतं, डोकं उंच ठेवायचं, फीड गाळून घ्यायचं, आधी पाणी, नंतर पाणी, आणि गोळ्यांबद्दल एकच वाक्य, "सगळ्या क्रश करून द्या." त्यांना दोष देत नाही मी, वॉर्डात त्यांच्या मागे दहा जण हाका मारत होते. आम्हीही विचारलं नाही की सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या का. विचारायचं सुचलंच नाही. आपल्याकडे औषध म्हणजे कुटायचं, उगाळायचं, चाटवायचं. माझ्या आजीची सहाण अजून घरात आहे, तिच्यावर हळकुंड, वेखंड, जायफळ उगाळून तिने आम्हा सगळ्या भावंडांना गुटी दिलीय, आणि एखाद्या गोष्टीचे दोन वेढे जास्त उगाळले तर बाळाला काय होतं हेही तिला पक्कं ठाऊक होतं. मला मात्र त्यातलं फक्त कुटणं माहीत होतं, वेढे मोजणं नाही.

पहिले दोन दिवस मी गोळ्या दोन चमच्यांमध्ये दाबून फोडत होते. नीट फुटत नव्हत्या, तुकडे राहायचे, एकदा नळी अडकली आणि कोमट पाण्याने अर्धा तास हळूहळू मोकळी करत बसले. म्हणून तिसऱ्या दिवशी खलबत्ता काढला, घासून पुसून वाळवला. सकाळच्या गोळ्या पाच. रक्त पातळ ठेवायची ॲस्पिरिन ७५, कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन, ॲसिडिटीची पँटोप्रॅझोल ४०, बीपीची निफेडिपिन रिटार्ड २०, आणि प्रोस्टेटची एक कॅप्सूल ज्यात टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड दोन्ही होतं. कॅप्सूल वहिनीने उघडून दिली, तिच्या आतलं आणि बाकीच्या गोळ्या मी कुटल्या, सगळं एकत्र वाटीत पाण्यात कालवलं आणि नऊ वाजता सिरिंजने दिलं. त्याआधीचं बीपी होतं १६८/९६.

पावणेदहाला बाबांचा चेहरा लाल झाला. म्हणजे तापात होतो तसा नाही, कोणीतरी गालावर गरम फडकं ठेवल्यासारखा. मग कपाळावर घाम. मग डोळे नुसते उघडे, पण माझ्याकडे बघेनात. मशीन लावलं तर पहिल्यांदा एरर आला, दुसऱ्यांदा ८८/५४, नाडी ११८. भावाने पाय उशीवर उचलून धरले, मी डॉक्टरांना फोन लावला, वहिनीने १०८ ला. अँब्युलन्समध्ये मी सिस्टरांचं ते वाक्य मनात परत परत म्हणत होते, कारण मला खात्री होती की मी सगळं सांगितल्याप्रमाणेच केलंय.

सलाइन लावलं, चार-पाच तासांत बीपी वर आलं, आणि रात्री आठला १७४ झालं. खाली आलं ते औषधामुळे आणि वर गेलं तेही त्याच औषधामुळे. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तिथे फार्मसीत एक तरुण मुलगी होती, क्लिनिकल फार्मसिस्ट. राउंडला डॉक्टरांसोबत आलेली. तिने आधी मला रागावलं नाही हे मला आवर्जून लिहायचंय. तिने माझी बीपीची वही मागितली. मी शाळेतल्यासारखी आखून ठेवलेली, तारीख, वेळ, वरचं, खालचं, नाडी. तिने पेन्सिलीने सकाळी आठच्या आकड्यांना गोल केला, मग सकाळी दहाच्या, मग रात्री आठच्या. पहिला दिवस: १७२, १०४, १६६. दुसरा दिवस: १७०, ११०, १६८. गोळी द्यायच्या आधी वर, दिल्यावर तासाभरात खाली, पुढच्या गोळीपर्यंत परत वर. "करवतीचे दात दिसतात ना, तसं," ती म्हणाली. मी ते आकडे स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि मला वाटलं होतं, झटका आलेल्या माणसाचं बीपी असंच वरखाली होत असणार.

वहीत सगळं होतं.

मग तिने समजावलं ते असं. निफेडिपिन हे औषध मुळात फार घाईचं आहे. पोटात मोकळं मिळालं की पंधरा-वीस मिनिटांत रक्तवाहिन्या सैल करतं आणि काही तासांत शरीरातून निघूनही जातं. म्हणून ते रोजच्या बीपीला द्यायचं तर गोळीच अशी बनवावी लागते की औषध बारा तास थोडं थोडं झिरपत राहील. रिटार्ड हा शब्द त्याचाच, उशीर लावणारी. म्हणजे तो बारा तासांचा वेळ औषधात नव्हता, गोळीच्या बांधणीत होता. मी गोळी कुटली तेव्हा औषध तेवढंच राहिलं, वेळ मात्र गेला. बारा तासांचं औषध अर्ध्या तासात अंगात. मोठे तुकडे राहिले तेव्हा थोडीफार बांधणी शिल्लक होती, म्हणून पहिले दोन दिवस बीपी शंभराच्या वर राहिलं. तिसऱ्या दिवशी मी वस्त्रगाळ केली.

हे ऐकताना मला आईने सांगितलेली एक गोष्ट आठवली. खूप वर्षांपूर्वी आजोबांचं बीपी २२० झालं होतं, तेव्हा आमच्या जुन्या डॉक्टरांनी एक लालसर कॅप्सूल सुईने टोचून तिच्यातले थेंब जिभेखाली सोडले होते आणि दहा मिनिटांत बीपी उतरलं होतं. आई ती गोष्ट जादूसारखी सांगायची. मी फार्मसिस्टला विचारलं तर ती म्हणाली, हो, तेही निफेडिपिनच, तेव्हा सगळीकडे तसं करायचे, आता बंद केलंय कारण बीपी इतकं झपकन आणि बेभरवशाचं पडायचं की काही पेशंटना त्यातच मेंदूचा किंवा हृदयाचा झटका यायचा. म्हणजे डॉक्टर लोकांनी जे घातक म्हणून सोडून दिलं ते मी घरी, प्रेमाने, खलबत्त्यात करत होते. आणि तेही ज्या मेंदूचा एक भाग नुकताच रक्तावाचून गेलाय त्या मेंदूला. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं घरी आल्यापासून किंचित हलायला लागली होती, ती त्यानंतर आठवडाभर हलली नाहीत. डॉक्टर म्हणाले, याच्यामुळेच असं सांगता येणार नाही. त्यांनी तसं म्हटलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण काय आहे ना, सांगता येणार नाही याचा अर्थ नाही असा होत नाही.

त्या गोळीच्या जागी डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन दिली. त्याच कुळातलं औषध, पण याचा वेळ औषधाच्या स्वभावातच आहे. शरीरातून अर्धं बाहेर पडायलाच तीस ते पन्नास तास घेतं. गोळी साधी, कुटली काय किंवा पाण्यात विरघळवली काय, त्याला फरक पडत नाही. असर पूर्ण बसायला आठवडाभर लागतो, तोवर डॉक्टरांनी डोस कसा धरायचा ते सांगितलं. मला सगळ्यात मोठं शिकणं हे वाटलं की प्रश्न "ही गोळी कशी बारीक करू" हा नव्हताच, "याच कामाची कुटता येणारी दुसरी गोळी आहे का" हा होता, आणि तो विचारला की बहुतेक वेळा उत्तर हो असतं. फक्त ते उत्तर आपण घरी द्यायचं नाही, कारण लांब चालणाऱ्या एका गोळीच्या जागी साधी दिली की दिवसातून किती वेळा आणि किती, हा हिशोब बदलतो.

बाकीच्या गोळ्यांचंही मग तिने एकेक काढलं. पँटोप्रॅझोलची गंमत तिने मला घरी करून बघायला सांगितली आणि मी केली. दोन वाट्यांत लिंबू पिळलेलं पाणी घेतलं, एकात ॲम्लोडिपिन टाकली, एकात पँटोप्रॅझोल. ॲम्लोडिपिन काही मिनिटांत ढेपाळली, पांढरा गाळ तळाला. पँटोप्रॅझोल तासाभराने पण तशीच, पिवळी, गुळगुळीत, तळाशी बसलेली. कारण तिच्यावरचं वेष्टन ॲसिडमध्ये न विरघळणारं असतं, ते पोट ओलांडून आतड्यात गेल्यावरच सुटतं. ॲसिड कमी करणारं हे औषध स्वतः ॲसिडमध्ये नासतं, म्हणून त्याला अंगरखा घालून पोटातून पार पाठवतात. मी तो अंगरखा कुटून काढत होते, म्हणजे औषध देत होते आणि ते बाबांच्या पोटातच बऱ्यापैकी मरत होतं. वर त्या वेष्टनाच्या चिकट पापुद्र्यांनीच नळी अडकलेली असणार, असंही ती म्हणाली. ॲस्पिरिनचं वेष्टन उलट कारणासाठी, तिथे औषधाला पोटापासून नाही तर पोटाला औषधापासून वाचवायचं असतं. ती कुटली म्हणून लगेच अनर्थ होत नाही, हार्ट अटॅकच्या वेळी तर ॲस्पिरिन मुद्दाम चावायला सांगतात म्हणजे लवकर चढावी. पण नळीवाल्या माणसाला रोजच्या रोज द्यायची तर वेष्टन नसलेली, पाण्यात विरघळणारी, फीडनंतर. आणि ॲसिडिटीसाठी पाण्यात कालवायची दाणेदार पुडी मिळते, ती दिली. तिचे दाणेसुद्धा चेचायचे नाहीत, कारण अंगरखा आता प्रत्येक दाण्याला असतो.

ॲटोरव्हास्टॅटिनला हात लावायची गरज पडली नाही. तिच्यावरही चकचकीत आवरण असतं पण ते नुसतं रंगाचं, चवीचं. बाहेरून बघून तुम्हाला कुठलं वेष्टन कामाचं आणि कुठलं शोभेचं हे कळू शकत नाही, मला आजही कळत नाही.

आता ती कॅप्सूल.

हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. वहिनी तेव्हा तिसऱ्या महिन्यात होती. तिला उलट्या होत होत्या, गोळ्यांचा वास नको व्हायचा, तरी रोज सकाळी ती मदतीला यायची आणि कॅप्सूल उघडायचं नाजूक काम आपलं म्हणून करायची. फार्मसिस्टने विचारलं, घरात गोळ्या कोण हाताळतं? मी अभिमानाने सांगितलं, मी आणि वहिनी, ती प्रेग्नंट आहे तरी करते. त्या मुलीचा चेहरा बदलला. ड्युटास्टेराइड कातडीतून अंगात जाऊ शकतं, आणि ते पुरुषी हार्मोनचं काम अडवतं, पोटात मुलगा असेल तर त्याची जननेंद्रियं घडण्यावर परिणाम व्हायची भीती असते. म्हणून गरोदर बाईने फुटलेल्या, उघडलेल्या कॅप्सूलला हात लावायचाच नाही. फिनास्टेराइडच्या फुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळीलाही तेच. बंद कॅप्सूलला नुसता हात लागला तर तसं नाही, धोका आहे तो आतलं बाहेर आल्यावर. कॅन्सरच्या किंवा संधिवाताला देतात त्या मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्यांची भुकटी तर कोणाच्याच हातात, श्वासात जाऊ नये. म्हणजे इथे कुटण्याचा धोका पेशंटला नव्हता, कुटणारीला होता. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. वहिनीने तीन वेळा उघडली होती. तिच्या डॉक्टरांना लगेच सांगितलं, त्यांनी धीर दिला, पुढच्या सोनोग्राफ्या झाल्या. पण पुढचे सहा महिने मी तिच्याकडे बघितलं की आधी तिच्या बोटांकडे बघायचे. मुलगी झाली, छान आहे, आता तीन वर्षांची आहे आणि खलबत्ता दिसला की वाजवायला मागते.

त्या कॅप्सूलमधल्या टॅमसुलोसिनचीही निफेडिपिनसारखीच गोष्ट, आतले बारीक मणी म्हणजेच त्याचा वेळ, ते चिरडले की बीपी पडायचं आणखी एक कारण. म्हणजे त्या सकाळी मी बीपी पाडणारी दोन औषधं एकदम सोडली होती. लघवीची नळी होती तोवर डॉक्टरांनी ती कॅप्सूल बंदच ठेवली.

मी तेव्हा विचारलं होतं, मग ओळखायचं कसं, नावावर काही लिहिलेलं असतं का? ती म्हणाली, एसआर, एक्सआर, ईआर, एक्सएल, सीआर, एमआर, एलए, रिटार्ड, क्रोनो, असं काही नावापुढे दिसलं की थांबायचं. ओडी मात्र फसवं आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण काही ब्रँडच्या नावातच ओडी असतं आणि तिथे ती गोळी लांब चालणारी असू शकते. पण अक्षरं नाहीत म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. बाबांच्या शेजारच्या बेडवर एक आजोबा होते, हृदयाचे ठोके अनियमित, रक्त पातळ करायला डॅबिगॅट्रान कॅप्सूल. तिच्या नावापुढे काही नाही, आत लांब चालणारं असंही काही नाही. तरी ती उघडून आतले दाणे दिले तर औषध साधारण ७५ टक्के जास्त अंगात जातं, आणि रक्त पातळ करणारं औषध तेवढं जास्त गेलं की रक्तस्राव. आपण कॅप्सूलला डबी समजतो. तिथे डबी हाही औषधाचा भाग आहे. त्यांना ती बदलून अपिक्सॅबॅन दिली, ती गोळी कुटून पाण्यातून नळीने देता येते.

आणि मधली रेघ. मला वाटायचं, रेघ आहे म्हणजे तोडता येते आणि तोडता येते म्हणजे कुटताही येते. मेटोप्रोलॉलच्या लांब चालणाऱ्या काही गोळ्या अशा असतात की रेघेवर अर्ध्या करायला परवानगी आहे पण कुटायला, चावायला नाही, कारण आत शेकडो बारीक मणी असतात आणि प्रत्येक मणी आपापला वेळ सांभाळतो. अर्धी केली तर मणी वाटले जातात, कुटली तर मणी मरतात. हे तिने इतक्या सोप्या भाषेत सांगितलं की मी अजून ते शब्द तसेच वापरते.

घरी आल्यावर खलबत्ता गेला आणि त्याची जागा सिरिंजने घेतली. दांडा काढायचा, एक गोळी आत टाकायची, दांडा परत बसवायचा, दहा मिली पाणी ओढायचं, टोकावर टोपण लावून ठेवायचं आणि थांबायचं. साध्या गोळ्या बहुतेक आपोआप पाच-दहा मिनिटांत विरघळतात, कुटायची गरजही नसते, भुकटी उडत नाही, वाटीला औषध चिकटून वाया जात नाही. आधी तीस मिली पाणी नळीतून, मग एक औषध, मग दहा मिली पाणी, मग दुसरं औषध, शेवटी परत तीस. एकत्र कालवायचं नाही, फीडमध्ये तर अजिबातच नाही. वीस मिनिटं जायची. पहिल्यांदा मला त्या थांबण्याचा राग यायचा, मग सवय झाली. मी सिरिंज हातात धरून बाबांशी बोलायचे, आज दूध किती आलं, कोण येऊन गेलं. ते बघत राहायचे. पंधरा दिवसांनी वहीतले आठचे आणि दहाचे आकडे शेजारी शेजारी यायला लागले, १४२, १३८, १४०. त्या पानावर मी काही गोल केला नाही पण ते पान अजून आहे.

अडीच महिन्यांनी नळी निघाली, आधी घट्ट शिकरण, मग मऊ भात. पुढे दीड वर्ष होते ते. बोटं परत हलली, बोलणं शेवटपर्यंत आलं नाही, त्यामुळे त्या सकाळी त्यांना काय होत होतं हे मला त्यांच्याकडून कधीच कळलं नाही.

तर त्या दिवशी मी खलबत्ता परत फळीवर ठेवला आणि रिकाम्या हातांनी काकूंच्या घरी गेले. म्हटलं, आधी गोळ्या बघू. सासूबाई खुर्चीत बसलेल्या, पदराने तोंड पुसत, गिळताना ठसका लागतो म्हणत होत्या, तर मी आधी तेच म्हटलं की ठसका लागतोय तर मधसुद्धा देऊ नका, डॉक्टरांना आजच सांगा. काकूंनी डबा उपडा केला. सात प्रकारच्या गोळ्या. दोन साध्या होत्या हे मला ओळखता आलं, एकीवर स्पष्ट एसआर लिहिलेलं, शुगरची मेटफॉर्मिन, एक आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी, ॲलेंड्रोनेट, जी कुटली किंवा तोंडात विरघळली तर तोंडाला, घशाला, अन्ननलिकेला व्रण पाडते आणि जिला गिळताना त्रास होतो तिला ती द्यावी का हाच मुळात प्रश्न. दोन मला माहीत नव्हत्या, त्या तशाच बाजूला ठेवल्या. आणि सातवीची स्ट्रिप कापलेली. चारच गोळ्या मागितल्या म्हणून मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेली, नाव पलीकडच्या तुकड्यावर राहिलेलं. मागे चंदेरी कागदावर नुसती दोन अक्षरं, एक्स आणि पुढे अर्धवट कापलेली उभी रेघ. ती एल असेल, आर असेल. काकू म्हणाल्या, पांढरी तर आहे, साधीच असेल. मी चिठ्ठीचा फोटो काढला, तो तुकडा पाकिटात घातला आणि आम्ही दोघी मेडिकल बंद व्हायच्या आत पोचायला निघालो.